लॉन्ड्रीच्या बोर्डावरची एक ओळ: कामाच्या नोंदी

१४ जुलै २०२५

काकाजींचं काम आज घेतलं. आमच्या गावात, भंडारा जिल्ह्यात, बाजाराच्या रस्त्याला त्यांची लॉन्ड्री आहे. जुना बोर्ड उन्हाने उडाला आहे. नवा बोर्ड, नवं बिलबुक आणि साडी द्यायची कागदी पिशवी, या तिन्हींवर एकच ओळ हवी. "सणाचे नाजूक कपडे आपण जपून करतो, येवढं लोकायले समजलं पाहिजे, बस," असं ते म्हणाले.

मुदत महालक्ष्म्यांची. यंदा ३१ ऑगस्टला महालक्ष्म्या बसतात. आमच्याकडे त्या आठवड्यात घरोघरी पेट्या उघडतात. दोन्ही महालक्ष्म्यांना नेसवायच्या साड्या निघतात आणि घरातल्या बायकांच्याही निघतात. सणाआधी इस्त्रीला येतात, सणानंतर तेल, कुंकू आणि पुरणाचे डाग घेऊन परत येतात. बोर्ड पोळ्याच्या आत लागला तरच उपयोग.

काकाजींनी स्वतःच एक ओळ सुचवली: "तुमच्या कपड्यांची काळजी, हीच आमची ओळख". लिहून घेतली. बरी वाटते, पण हीच ओळ दवाखान्यावर, किराणा दुकानावर, कुठेही चालेल. कपड्याबद्दल तिच्यात काहीच नाही.

१६ जुलै

घरी बसून सात-आठ ओळी लिहिल्या. त्यातल्या तीन दाखवण्यासारख्या वाटतात.

"डाग कोणताही असो, आमच्याकडे जातोच."
"जरीची चमक पुन्हा नव्यासारखी."
"सकाळी द्या, संध्याकाळी सणाला नेसा."

उद्या दुकानात नेते.

१७ जुलै

दुकानात काकाजी इस्त्रीवर असतात आणि गल्ल्याजवळच्या टेबलावर काकू. कपडा घेणं, पाहणं, चिठ्ठी लावणं हे सगळं काकूंच्या हातात आहे. हे मला आज नीट कळलं. तिन्ही ओळी त्यांना वाचून दाखवल्या आणि तिन्ही त्यांनी तिथल्या तिथे खोडल्या. प्रत्येक वेळी एक कपडा समोर ठेवून.

पहिल्या ओळीला त्यांनी हळदीचं फडकं काढलं. हळदीच्या कार्यक्रमातला कुणाचा तरी पांढरा सुती रुमाल, पिवळा डाग पडलेला. त्यावर ओला साबण घासला. डाग जाण्याऐवजी विटकरी लाल झाला. साबणात, सोड्यात क्षार असतो आणि हळदीचा रंग क्षारात लाल होतो. बायका घरी हेच करतात आणि घाबरून दुकानात येतात. सुती कपडा असेल तर साबण पूर्ण काढून उन्हात वाळवला की हळद हळूहळू फिकी होते. रेशमाला ते ऊन सोसत नाही, सोडा तर मुळीच नाही. "मंग मी डाग जातोच कसं लिहू बाई? उद्या ती बोर्डाखाली उभी राहून मले विचारणार."

जरीच्या ओळीला त्यांचं उत्तर छोटं होतं. घामाने, अत्तराने काळी पडलेली जर धुतल्याने उजळत नाही. वरचा मुलामा गेला की गेला. आणि हल्लीच्या बऱ्याच साड्यांत जर धातूची नसतेच, चमकणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीची असते. तिच्यावर गरम इस्त्री टेकली की ती आकसते. काकाजी जरीच्या भागावर नेहमी सुती फडकं टाकून उलट्या बाजूने इस्त्री फिरवतात.

"सकाळी द्या, संध्याकाळी नेसा" यावर तर दोघं एकदम बोलले. ड्रायवॉशचं मशीन या गावात कुणाकडेच नाही. काकाजींकडचे कपडे आठवड्यातून दोनदा नागपूरला जातात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी परत येतात. घाई केली तर कपडा बिघडतो, आणि घाईचं आश्वासन दिलं तर शब्द मोडतो.

मी घरी आले ती थोडी नाराज होऊनच. रात्री वही पाहताना लक्षात आलं की काकू ज्या कारणाने ओळी खोडत होत्या, तेच दुकानाचं खरं बळ आहे. त्या कपडा हातात घेऊन आधी ओळखतात. हे बोर्डावर यायला हवं.

१९ जुलै

आज फक्त पाहायला गेले. ओळ लिहायची नाही, काकू काय करतात ते नोंदवायचं.

दुपारी एक बाई कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, करवती साडी घेऊन आल्या. आपल्याच जिल्ह्यातली, मोहाडीकडच्या मागावरची. अंग कोशाचं, नैसर्गिक मधाळ रंगाचं, काठ गडद लाल आणि त्यावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. काकूंनी घडी उघडली आणि सगळ्यात आधी साडीचं आतलं टोक शोधलं, जे कमरेला खोचलं जातं आणि कुणाला दिसत नाही. त्या टोकाच्या काठाखाली पांढरं सुती फडकं ओलं करून ठेवलं, वरून दुसरं ओलं फडकं, आणि त्यावर इस्त्रीचं थंड वजन. पाच मिनिटं. तोवर बाईंना विचारलं, काय सांडलं, कधी सांडलं, घरी काही लावलं का.

फडकं उचललं तर त्यावर गुलाबी पट्टा उमटला होता.

"पाहा जी, काठ रंग सोडून राहिला. ही पाण्यात गेली तर लाल अंगावर येईन. ड्रायवॉशलेच पाठवतो. पाच दिवस लागतीन."

बाई म्हणाल्या, "चालते. पण बरं झालं सांगितलं."

करवतीच्या बाबतीत हा काठ इतका महत्त्वाचा का, ते काकूंनी नंतर समजावलं. या साडीत अंग कोशाचं आणि काठ सुताचा असतो. दोन वेगळे धागे, वेगळे रंगवलेले, एकाच मागावर विणलेले. काठाच्या सुताला गडद लाल रंग भरपूर दिलेला असतो आणि जो धाग्यात पक्का बसला नाही तो पाण्यात सुटतो. शेजारीच फिका कोसा असतो, तो सुटलेला रंग लगेच धरतो. दुसरी गोष्ट, सूत पाण्याने आटतं आणि कोसा तेवढा आटत नाही. मग काठ आवळतो, अंगाला झोल पडतो आणि साडी सरळ पसरतच नाही. रंग नाही सुटला तरी हे होऊ शकतं.

हे ऐकताना मला आईची साडी आठवली. तीन वर्षांपूर्वी मावशीच्या लेकीच्या लग्नानंतर आईने करवती एका ठिकाणी धुवायला दिली होती. परत आली तेव्हा काठाच्या कडेने दोन बोटं रुंद गुलाबी पट्टा पूर्ण लांबीभर आणि काठ चुण्यांचा. बिलाच्या मागे छापलेलं होतं की रंग गेल्यास दुकान जबाबदार नाही. आईने भांडण केलं नाही. साडी पेटीत तळाशी गेली. त्या दुकानाच्या बोर्डावरही काळजी हाच शब्द होता, म्हणून मला तो शब्द नको आहे.

२४ जुलै

आजपासून एकच नियम धरला: ओळीत अशी कृती हवी जी गिऱ्हाईक टेबलासमोर उभं राहून डोळ्यांनी पाहू शकेल. भावना नको, विशेषण नको. "नाजूक", "प्रेमाने", "विश्वास" बाद.

पहिला प्रयत्न: "आधी काठ-पदर पाहू, मगच हात लावू." मला फार आवडली. काठ-पदर हा बायकांच्या तोंडचा शब्द, आणि चाल ओव्यांसारखी. संध्याकाळी काकूंना फोनवर वाचून दाखवली. थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पदराले हात लावनं म्हंजे काय होते, तुले मालूम हाये ना बाई? बोर्डावर नको."

बरोबर आहे. पदराला हात घालणं म्हणजे बाईची छेड काढणं. चौकात रोज उभी राहणारी पोरं ती ओळ मोठ्याने वाचतील, आणि ज्या बायकांसाठी लिहिली त्याच दुकानात यायला संकोचतील. ओळ मनात वाचणं वेगळं आणि रस्त्यावर दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं, हे मी विसरले होते. "पदर" काढला. "हात लावू" पण काढला, एकटा राहिला तरी तोच वास येतो.

२६ जुलै

"आधी काठ पाहू, मगच साडी धुऊ."

पाहू आणि धुऊ जुळतात. पण "धुऊ" बोर्डावर अडखळवतं. पेंटरभाऊंनी वाचताच विचारलं, "ताई, धुवू पाहिजे ना?" आता लिहिताना मी बरोबर असेन, पण वाचणाऱ्या दहापैकी पाच जणांना चूक वाटली तर काय कामाचं. शिवाय "पाहू" म्हणजे पुढे कधीतरी. "बघू, करू" हे आपल्याकडे टाळायलाही म्हणतात. उधारी मागितली की "पाहू ना जी" म्हणणारा माणूस सगळ्यांना माहीत आहे.

"आधी काठ पाहतो, मगच साडी धुतो."

ही रोजची रीत सांगते. आश्वासन कमी आणि सवय जास्त. आणि "आम्ही पाहतो" बाई म्हणाली काय, पुरुष म्हणाला काय, सारखंच राहतं. काकू काठ पाहतात, काकाजी इस्त्री करतात, ओळ दोघांची आहे. मला इथे पहिल्यांदा समाधान वाटलं.

अडचण दोन जागी. एक, ड्रायवॉशला "धुतो" म्हणावं का? काकाजींना विचारलं. त्यांचं म्हणणं, लोक कुठे ड्रायक्लीन म्हणतात, सगळे ड्रायवॉशच म्हणतात, म्हणजे धुणंच झालं. पटलं. खाली बारीक अक्षरांत "सणासुदीच्या साड्या, शेरवानी, लेहेंगे: हातधुलाई, ड्रायवॉश, इस्त्री" असं येईलच.

दुसरी अडचण, शेरवानीला काठ नाही, लहान मुलांच्या धोतर-कुडत्याला नाही. काकाजींना "काठ" ऐवजी "कापड" हवं होतं, म्हणजे सगळेच कपडे आत येतात. मी "आधी कापड पाहतो" चार वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं. अर्थ पसरतो आणि चित्र पुसतं. कापड सगळेच पाहतात, दुकानदारही आणि शिंपीही. काठ फक्त तोच पाहतो ज्याला रंग सुटण्याची भीती ठाऊक आहे. करवती नेसणाऱ्या बाईला "काठ" हा एकच शब्द सगळं सांगतो. इथे मी अडून बसले आणि काकूंनी माझी बाजू घेतली.

३१ जुलै

ओळ खरी आहे का, याची तपासणी. काकूंसोबत दोन तास.

पहिला प्रश्न त्यांनीच काढला. पाच मिनिटांत रंग आला नाही म्हणजे धुताना येणारच नाही, असं नसतं. बुट्टीचा रंग वेगळा, पदराचा वेगळा, टोकाशी पाहिलेलं सगळीकडे लागू पडत नाही. त्यामुळे काठाबरोबर साडीत जितके गडद रंग, तितक्या जागी फडकं लावावं लागतं. म्हणून ओळीत "रंग जाणार नाही" असं चुकूनही येता कामा नये. "पाहतो" एवढंच खरं आहे आणि तेवढं रोज करता येतं.

दुसरा प्रश्न ड्रायवॉशचा. लोकांना वाटतं की ड्रायवॉशने सगळं निघतं. तिथे पाण्याऐवजी द्रावक वापरतात, त्यात तेल, तूप, मेण विरघळतं. साखर, घाम, सरबत विरघळत नाही, कारण ते पाण्याचे डाग. पुरणपोळीचा घास सांडला तर तुपाचा भाग निघतो आणि गुळाचा भाग कपड्यात तसाच राहतो. तेव्हा तो दिसत नाही. इस्त्रीच्या उष्णतेने किंवा पेटीत चार-सहा महिने पडून तो पिवळा-तपकिरी होतो आणि बाईला वाटतं की दुकानाने डाग पाडला. उपाय एकच, देतानाच सांगणं, कुठे आणि काय सांडलं. मग तेवढ्या जागी आधी वेगळा हात देता येतो. तोही जपून, कारण कोशावर पाण्याच्या थेंबाची कड उमटते.

यावरून बिलबुकाचा नमुना बदलला. आधी त्यावर नग, दर, तारीख आणि मागे जबाबदारी झटकणारी जुनी ओळ होती. आता समोरच दोन रकाने: "काठ पाहिला: रंग सुटतो / सुटत नाही" आणि "काय सांडलं". मागची "दुकान जबाबदार नाही" ही ओळ काढायला काकाजी तयार नव्हते. ती पुढच्या बाजूच्या शब्दाला खोटं पाडते, हे मी सांगितलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात कशाला म्हणायचं ते लिहिलेलं आहे, आणि ग्राहकावर अन्याय करणाऱ्या एकतर्फी अटींविरुद्ध दादही मागता येते, हेही सांगितलं. शेवटी त्या जागी आता असं आलं: "काठाने रंग सोडला तर आम्ही साडी पाण्यात घालत नाही. तुम्हाला विचारूनच पुढचं काम करतो."

४ ऑगस्ट

बचत गटाच्या बैठकीत पाच मिनिटं मागून घेतली. तीन ओळी पुठ्ठ्यावर लिहून दाखवल्या: काकाजींची काळजीवाली, "कापड पाहतो" वाली आणि "काठ पाहतो" वाली. कोणती आवडली हे विचारलं नाही. आवडीचं विचारलं की सगळ्या जणी मोठ्या शब्दांची ओळ निवडतात. दुसऱ्या दिवशी हातपंपावर आणि अंगणवाडीपाशी भेटतील तशा विचारलं, काल काय वाचलं होतं?

काळजीची ओळ एकीलाही शब्दशः आठवली नाही. काठाची बहुतेकींनी सांगितली. दोघींनी "आधी काठ पाहतो, मंगच साडी धुतो" अशी आपल्या बोलीत फिरवून सांगितली. ती चूक मला सगळ्यात जास्त आवडली, कारण ती ओळ त्यांच्या तोंडात बसली. एका आजीने विचारलं, "काठ पाहून काय करते व माय?" मी सांगितलं तर म्हणाल्या, "हौ, आमची सासू बी पाहे." रिठ्याच्या पाण्यात साडी घालण्याआधी त्या कोपरा भिजवून पाहत. म्हणजे रीत नवी नाही, फक्त दुकानात कुणी सांगत नव्हतं.

८ ऑगस्ट

बोर्ड. दहा फूट लांब, तीन फूट उंच. समोरच्या चहाच्या टपरीवरून वाचता यावा, अंतर साधारण चाळीस फूट. दर दहा फुटांना एक इंच अक्षर असा आमच्या धंद्यातला अंदाज आहे. आपल्या लिपीला वर-खाली मात्रा आणि उकार असतात, म्हणून अक्षराच्या अंगाचीच उंची पाच इंच धरली.

पेंटरभाऊंनी कच्चं रेखाटलं आणि लांबून पाहिलं तर "काठ" चा ठ घोटाळा करत होता. जाड ब्रशने आतली पोकळी भरत आली की ठ आणि ढ सारखेच दिसतात. "आधी काढ पाहतो" वाचलं गेलं तर सगळंच गेलं. ठ ची गोलाई मोठी केली, रेष थोडी बारीक केली. ओळ दोन भागांत मोडली, वर "आधी काठ पाहतो," आणि खाली "मगच साडी धुतो." एका ओळीत बसवली असती तर अक्षर लहान झालं असतं आणि वाचताना जो श्वास घ्यायचा तोही गेला असता.

मला लाल अक्षरं हवी होती, काठासारखी. भाऊ म्हणाले, उन्हात लाल आधी फिका पडतो. मग फिक्या मधाळ जमिनीवर गडद निळी अक्षरं आणि बोर्डाच्या वर-खाली करवतीच्या दात्यांची लाल पट्टी. पट्टी फिकी झाली तरी वाचायचं काही जात नाही.

२० ऑगस्ट

पोळ्याच्या आधी बोर्ड लागला. बिलबुकं आली, पाच आहेत. पिशव्यांवर शाई थोडी पसरली, पुढच्या खेपेला कागद बदलायचा.

३० ऑगस्ट

उद्या महालक्ष्म्या. दुकानात उभं राहायला जागा नाही. गर्दीत काकू प्रत्येक साडीला पाच मिनिटं देऊ शकतील का, हीच मला भीती होती. त्यांनी टेबलाशेजारी पाटावर चार वजनं मांडली. चार साड्या एकदम दाबून ठेवतात आणि तोवर चिठ्ठ्या लिहितात. नुसत्या इस्त्रीला आलेल्या साड्यांना फडकं लावत नाहीत, कारण तिथे पाणी येतच नाही. हे त्यांनी स्वतः ठरवलं आणि बरोबर ठरवलं.

एक बाई फडकं उचलेपर्यंत थांबल्या, त्यावर काही नाही हे स्वतः पाहिलं आणि मगच गेल्या. "रंग सुटत नाही" या रकान्यावर काकूंनी त्यांच्यासमोर खूण केली.

५ सप्टेंबर

सणानंतरची पहिली खेप. नवीन गोष्ट एक समोर आली. महालक्ष्म्यांना साडी नेसवताना टाचण्या लावतात. चार साड्यांना टाचणीच्या जागी गंजाचे बारीक ठिपके आहेत. गंज ना पाण्याने निघतो ना ड्रायवॉशने, त्याला वेगळं औषध लागतं आणि ते कोशावर काकू वापरत नाहीत. बिलावरच्या "काय सांडलं" मध्ये हे बसत नाही. पुढच्या छपाईत "टाचण्या लावल्या होत्या का" हा रकाना घालायचा.

शेरवानी घेऊन आलेल्या एका मुलाने बोर्डाकडे पाहून विचारलं, याचं काय पाहता? काकूंनी गळपट्टी उलटून अस्तराला फडकं लावलं. मरून अस्तराने रंग सोडला.

संध्याकाळी आईची साडी नेली. काकूंनी ती टेबलावर पूर्ण पसरली, पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि सांगितलं की कोशात बसलेला हा रंग ओढायला गेलं तर कोशाचा स्वतःचा रंगही जाईल. काठ मात्र थोडा सैल करता येईल, ओलसर फडक्यावरून, थोडा थोडा, दोन-तीन बैठकांत. आधी काठ पाहिला. अजून गुलाबी येतो. बिलावर तशी खूण करून साडी ठेवून घेतली.